सबस्क्रिप्शन भावाला दिलं, तरी पैसे माझ्याच कार्डावरून कापले जातायत, काय करू?

हा प्रश्न सारखा येतो आणि गोष्ट दरवेळी साधारण सारखीच असते. तुम्ही एक ॲप वापरत होता, आता वापरत नाही, बंद करायला जाता तेवढ्यात भाऊ म्हणतो बंद कशाला करतेस, मला दे ना. विचार चांगलाच असतो, आत बरंच काही साठवलेलं असतं, प्लॅनही त्याच्या कामाचा असतो. मग तुम्ही अकाउंटमधला ईमेल बदलून त्याचा टाकता, पासवर्ड देता, तो त्याच्या फोनमध्ये त्याचं कार्ड जोडतो आणि विषय संपला असं दोघंही धरून चालता. पुढचं रिन्यूअल येतं आणि पैसे तुमच्याच खात्यातून जातात. तुम्ही भावाला विचारता, तो म्हणतो अगं माझं कार्ड तर कधीचं टाकलंय, आणि तो खोटं बोलत नसतो.

गडबड इथं आहे की ईमेल-पासवर्ड बदलल्यानं फक्त लॉगिन हलतं. पैसे कापणारा वेगळाच असू शकतो आणि त्याला या हस्तांतराचा पत्ताच नसतो. ॲपच्या आतून, म्हणजे फोनवर 'सबस्क्राइब' बटण दाबून प्लॅन घेतला असेल तर पैसे ॲपची कंपनी घेत नाही, फोनचं स्टोअर घेतं, आणि ते सबस्क्रिप्शन तुमच्या ॲपल किंवा गुगल अकाउंटला चिकटलेलं असतं. भावानं त्याचं कार्ड त्याच्या स्वतःच्या स्टोअर अकाउंटला जोडलं तर त्याचा तुमच्या सबस्क्रिप्शनशी काही संबंधच येत नाही.

म्हणून काहीही बदलायच्या आधी एकच गोष्ट शोधा, पैसे नक्की कोण घेतंय. ॲप उघडून बघण्यापेक्षा बँकेचं स्टेटमेंट आणि पावतीचा ईमेल बघा, ते खरं सांगतात. स्टेटमेंटमध्ये apple.com/bill असं काही दिसलं तर ॲपलचं स्टोअर, GOOGLE ने सुरू होणारं नाव असेल तर बहुतेक गुगल प्ले, PAYPAL दिसलं तर मधे पेपाल आहे, आणि थेट सर्व्हिसचंच नाव असेल तर कंपनी स्वतः पैसे घेतेय. पावतीवर ऑर्डर नंबरही असतो, गुगलचा GPA ने सुरू होतो आणि ॲपलचा M ने. हा नंबर कुठंतरी लिहून ठेवा, सपोर्टशी बोलायची वेळ आली तर पहिला तोच मागतात.

खात्री करायची तर आयफोनवर Settings उघडून सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करा, तिथं Subscriptions आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, मग कोपऱ्यातला आपला फोटो, मग Payments & subscriptions. एकाच फोनवर दोन गुगल अकाउंट असतील तर दोन्हीकडे बघा, कारण नको असलेलं सबस्क्रिप्शन नेमकं आपण कधीच न बघणाऱ्या अकाउंटवर निघतं. पेपालमध्ये सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक पेमेंट्सची यादी असते. यातल्या कुठल्याच यादीत नाव नसेल तर प्लॅन वेबसाइटवरून थेट घेतलेला आहे, आणि तसं असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे.

आता अवघड प्रकार आधी घेऊ, म्हणजे स्टोअरवाला. इथं वाईट बातमी अशी की ॲपल असो की गुगल, एका स्टोअर अकाउंटवरचं सबस्क्रिप्शन उचलून दुसऱ्या स्टोअर अकाउंटवर ठेवता येत नाही, तसं बटणच नाहीये. त्यामुळं 'कॅन्सल न करता द्यायचं' ही कल्पना इथं शब्दशः जमत नाही. पण करता येतं असं की पैशाचा भाग तुमच्याकडून बंद होतो, अकाउंट आणि आतला सगळा माल जसाच्या तसा राहतो आणि भाऊ त्याच अकाउंटवर स्वतःच्या पैशानं प्लॅन परत चालू करतो. बहुतेकांना हवं असतं तेही हेच.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते. तिचं नोट्स आणि स्केचेस ठेवायचं एक ॲप होतं, महिन्याचा प्लॅन, आयफोनवरून घेतलेला, रिन्यूअल दर महिन्याच्या १८ तारखेला. ते तिला धाकट्या भावाला द्यायचं होतं, कारण दोघांनी मिळून बनवलेल्या सगळ्या वह्या त्यातच होत्या. आधी तिनं ईमेल बदलला, पासवर्ड दिला आणि १८ ला पैसे तिचेच गेले. मग पुढच्या महिन्यात आम्ही नीट केलं. ५ तारखेला तिनं तिच्या फोनच्या Subscriptions मध्ये जाऊन कॅन्सल केलं. इथं लोक घाबरतात की कॅन्सल दाबलं की सगळं उडेल, तर तसं होत नाही, भरलेले पैसे १८ पर्यंतचे आहेत तर प्लॅन १८ पर्यंत चालतो, फक्त पुढचं रिन्यूअल थांबतं. अपवाद फ्री ट्रायलचा, काही ट्रायल कॅन्सल केल्याक्षणी बंद होतात, म्हणून बटणाच्या वर लिहिलेली ओळ वाचायची. ५ तारीख का, तर ॲपल मुदत संपायच्या आधीच्या २४ तासांत पैसे कापू शकतं, त्यामुळं १७ ला रात्री कॅन्सल करून उपयोग नाही, निदान एक दिवस आधी तरी व्हायलाच हवं आणि मी तर म्हणेन आठवडा हातात ठेवा.

मधल्या दिवसांत भावानं एक काम केलं जे बरेच जण विसरतात. प्लॅन संपल्यावर अकाउंट फ्री होणार, तर फ्रीच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या मालाचं काय होतं ते त्यानं ॲपच्या मदत पानावर वाचलं. त्या ॲपमध्ये जास्तीच्या वह्या लॉक होतात, उघडून वाचता येतात पण त्यात लिहिता येत नाही. हे चालण्यासारखं होतं. पण काही ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर जास्तीचा माल डिलीटही होतो, तेव्हा हे आधी बघा आणि शक्य असेल तर एक्सपोर्ट करून ठेवा.

१८ ला प्लॅन संपला, ॲप फ्री दाखवायला लागलं, आणि मग भावानं त्याच्या फोनवर, ताईच्या जुन्या अकाउंटमध्येच लॉगिन राहून, सबस्क्राइब दाबलं. पैसे त्याच्या स्टोअर अकाउंटवरून गेले, लॉक उघडले. झालं की नाही हे ओळखायची खूण म्हणजे पावती कुणाच्या ईमेलवर आली. ॲपमध्ये 'प्रीमियम' लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, ते जुन्या पैशांवरही दिसतं. पावती भावाकडे आणि ताईच्या Subscriptions मध्ये ते नाव संपलेल्यांच्या यादीत, एवढं दिसलं की खरं.

यात एक तोटा आहे तो सांगायलाच हवा. तुमच्याकडे जुन्या दराचा प्लॅन असेल, जो आता नव्यांना मिळत नाही, तर तो दर या मार्गानं भावापर्यंत पोचत नाही, त्याला आजचा दर लागतो. फक्त त्या दरासाठीच देताय तर स्टोअरवाल्या प्लॅनमध्ये हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही, त्याला सरळ नवीन घेऊ दे.

आता तो प्रकार ज्यानं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. समजा ताईचा प्लॅन अजून चालू आहे, महिना भरायचाय, अकाउंट भावाकडे गेलंय, आणि ताईला वाटतं आपण फ्रीमध्ये तरी वापरू, म्हणून ती त्याच ॲपमध्ये नवं अकाउंट उघडते, त्याच फोनवर. आणि भाऊ ओरडतो की माझं प्रीमियम गेलं! कारण बऱ्याच ॲप्सना फोनच्या स्टोअर अकाउंटवर चालू सबस्क्रिप्शन दिसलं की ते आत्ता लॉगिन असलेल्या अकाउंटला जोडून टाकतात, आधीच्याकडून काढून. कधी हे आपोआप होतं, कधी ॲपमधलं Restore Purchases बटण दाबल्यावर होतं. पैसे भरणारी ताई, फोन ताईचा, म्हणून ॲपच्या दृष्टीनं हक्कही तिचाच. उपाय असा की ताईनं त्या फोनवर नव्या अकाउंटमधून लॉगआउट करायचं, भावाला दिलेल्या अकाउंटनं लॉगिन करायचं, Restore Purchases दाबायचं, प्रीमियम तिकडं परत जातं, मग लॉगआउट, आणि मुदत संपेपर्यंत त्या ॲपला हात लावायचा नाही.

याची उलटी बाजू म्हणजे भावाला सबस्क्राइब करताना येणारा मेसेज, हे सबस्क्रिप्शन आधीच दुसऱ्या अकाउंटशी जोडलेलं आहे अशा अर्थाचा. हा आला तर बहुतेक वेळा भावानं मागे कधीतरी स्वतःचं अकाउंट काढून त्यावर ट्रायल किंवा प्लॅन घेतलेला असतो आणि तो विसरलेला असतो. त्याच्या Subscriptions मध्ये ते सापडेल. तेही चालू असेल तर आधी ते संपू द्यायचं, किंवा ॲपच्या सपोर्टला ऑर्डर नंबर देऊन ते या अकाउंटला जोडायला सांगायचं. इथं ॲपल-गुगलच्या सपोर्टकडे जाऊन फायदा नसतो, कारण पावती कुठल्या अकाउंटला जोडायची हे ॲपवाले ठरवतात, आणि उलट ॲपलच्या रिफंडचं काही असेल तर ॲपवाल्यांकडे जाऊन फायदा नसतो, कारण पैसे स्टोअरनं घेतलेत. कुणाकडं काय मागायचं हे न कळल्यानं माणूस दोन्हीकडून टोलवला जातो.

थेट कंपनीकडून घेतलेला प्लॅन असेल तर कॅन्सल करायची गरजच नाही, फक्त क्रम सांभाळायचा. आधी भावाचं कार्ड जोडा, ते डिफॉल्ट करा, आणि मगच तुमचं काढा, कारण बहुतेक ठिकाणी एकुलतं एक कार्ड काढूच देत नाहीत. आणि 'काढा' म्हणजे खरंच काढा. नुसतं भावाचं डिफॉल्ट केलं आणि तुमचं यादीत राहिलं तर एखाद्या महिन्यात त्याचं कार्ड नाकारलं गेलं की काही सर्व्हिसेस गुपचूप पुढच्या कार्डावर जातात. बॅकअप पेमेंट असा वेगळा रकाना कुठं असेल तर तोही रिकामा करा. भावाचं कार्ड दुसऱ्या देशाचं असेल तर अकाउंटच्या देशाशी जुळत नाही म्हणून ते लागणारच नाही अशी शक्यता असते, हे सगळं बदलून बसायच्या आधी तपासा. पेपालमधून जात असेल तर सर्व्हिसच्या पानावर कार्ड बदलल्यानंतर पेपालच्या त्या यादीत जाऊन जुनी परवानगीही रद्द करा.

यानंतर ईमेल. पेमेंटच्या आधी ईमेल बदलू नका, कारण काहीतरी अडकलं तर पावत्या आणि इशारे सगळे भावाकडे जातात आणि पैसे तुमचे जात राहतात, तुम्हाला कळतही नाही. ईमेल बदलताना कन्फर्मेशन लिंक नव्या पत्त्यावर जाते, जुन्यावर सूचना येते, काही ठिकाणी दोन्हीकडून हो म्हणावं लागतं, म्हणून हे दोघं फोनवर बोलत असतानाच करा. मग रिकव्हरीचा फोन नंबर बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन तुमच्या फोनवरून काढून त्याच्यावर लावा, बॅकअप कोड नवे बनवा आणि शेवटी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. नंबर राहिला तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, भाऊ रात्री बाराला फोन करून विचारतो कोड आलाय का गं.

एक जागा जिथं ईमेल बदलूनही काही होत नाही ती म्हणजे 'गुगलनं साइन इन करा' किंवा 'ॲपलनं साइन इन करा' बटण दाबून बनवलेलं अकाउंट. त्याला स्वतःचा पासवर्डच नसतो, ओळख म्हणजे तुमचं गुगल अकाउंट. प्रोफाइलमधला ईमेल भावाचा केला तरी दार तुमच्याच किल्लीनं उघडतं, तुम्ही आत जाऊ शकता आणि तो नाही. आधी त्या अकाउंटला पासवर्ड द्या, तसा पर्याय सेटिंग्जमध्ये नसेल तर 'पासवर्ड विसरलो' मधून बऱ्याचदा बनतो, मग पासवर्डनं लॉगिन होतंय का ते बघा आणि त्यानंतरच गुगलशी असलेली जोडणी तोडा. उलट्या क्रमानं केलं तर दोघंही बाहेर. ॲपलमध्ये ईमेल लपवायचा पर्याय घेतला असेल तर अकाउंटवर @privaterelay.appleid.com ने संपणारा विचित्र पत्ता दिसेल, त्यावर आलेले मेल तुमच्याच इनबॉक्सला येतात, तेव्हा पासवर्डची लिंकही तुमच्याकडेच शोधा.

आता लोक वैतागून काय करतात, तर कार्डच ब्लॉक करतात किंवा बदलून घेतात. हे करू नका असं म्हणण्यापेक्षा यानं काय होतं ते सांगते. एक तर नवं कार्ड आलं तरी व्हिसा आणि मास्टरकार्डची अशी सोय आहे की बँकेमार्फत नव्या कार्डाचा तपशील नेहमीच्या व्यापाऱ्यांना आपोआप कळतो, म्हणजे नंबर बदलूनही पैसे जाऊ शकतात. दुसरं, ॲपलचं रिन्यूअल फेल झालं तर ते ६० दिवसांपर्यंत परत परत प्रयत्न करत राहतं, आणि मधे तुम्ही दुसऱ्याच कशासाठी तरी नवं कार्ड जोडलंत की त्यावरून ते वसूल होतं. गेलेल्या पैशांबद्दल बँकेकडं डिस्प्यूट टाकला तर सर्व्हिस अकाउंटच गोठवू शकते, आणि ते अकाउंट आता भावाचं आहे, त्यातला माल त्याचा. आधी स्टोअरमधून किंवा सर्व्हिसकडून रिफंड मागा, ॲपलसाठी reportaproblem.apple.com आहे, तिथं नुकतं झालेलं, न वापरलेलं रिन्यूअल असेल तर मागून बघायला हरकत नाही, मिळेलच असं मात्र नाही.

फॅमिली प्लॅन असेल आणि तुम्ही त्याचे मुख्य असाल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये तुमच्यासकट सहा जण असतात आणि शेअर केलेल्या खरेदीचे पैसे मुख्य माणसाकडून जाऊ शकतात, भाऊ त्यात असेल आणि त्यानं 'स्वतः' प्लॅन घेतला तरी. हीसुद्धा 'माझ्याच कार्डावरून जातायत'ची एक वाट आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी खरेदी शेअर करणं बंद करा किंवा त्याला ग्रुपमधून काढा. मुख्य माणूस बदलायचा म्हणजे बहुधा जुना ग्रुप मोडून नवा करावा लागतो, आणि गुगलकडे एक माणूस १२ महिन्यांत एकदाच फॅमिली ग्रुप बदलू शकतो, तेव्हा गंमत म्हणून ग्रुप मोडून बघू नका.

काही वेळा मुळात अकाउंट द्यायचीच गरज नसते. नेटफ्लिक्सला २०२२ पासून प्रोफाइल ट्रान्सफर आहे, भावाचं प्रोफाइल त्याच्या आवडी आणि हिस्टरीसकट त्याच्या स्वतःच्या नव्या अकाउंटवर जातं आणि तुम्ही तुमचं निवांत बंद करू शकता. तुमच्या सर्व्हिसला असं काही असेल तर तेच करा, वरचं सगळं वाचतं. विद्यार्थी सवलतीचे किंवा ऑफिसनं दिलेले प्लॅन मात्र माणसाच्या पात्रतेवर असतात, ते नाव बदलून पुढच्या तपासणीला अडकतात. आणि बऱ्याच सर्व्हिसेसच्या अटींत अकाउंट दुसऱ्याला देता येत नाही असं लिहिलेलं असतं, तेव्हा मोठा वार्षिक प्लॅन असेल तर सपोर्टला आधी सरळ विचारा की मालक बदलायचाय, तुमच्याकडे पद्धत काय, आणि उत्तर चॅटमध्ये नाही, ईमेलवर मागा.

तरीही पैसे जातच असतील तर खाली लिहा, स्टेटमेंटवर नक्की काय नाव येतंय आणि पावती कुणाच्या ईमेलवर येतेय एवढं सांगा, ऑर्डर नंबर आणि कार्डाचे आकडे इथं टाकू नका.